दाळात उभी आजी

साकोली तालुक्यातल्या एका गावी, चौथीतल्या एका मुलाचा निबंध गेल्या भाद्रपदात माझ्याकडे आला. विषय नेहमीचाच, ‘माझा आवडता सण’. वडिलांनी वही पुढे करून एवढंच सांगितलं, ‘जरा नीट करून द्या.’ मी नीट करून दिला आणि फसलो. ते कसं, हे सांगण्याआधी मूळ मजकूर पाहावा. शीर्षक ‘पोळा’ असं फळ्यावरून उतरवलेलं, खाली हे:

‘माझा आवडता सन तान्हा पोरा आहे. माझ्या जवर लाकडाचा नंदी आहे. नदीचा एक सिंग तुटला बाबानं तार लावली मी त्याले बेगड लावला मंग आम्ही गेलो मंग आजी दाळात उभी होती तिनं बोजारा दिला दहा रुपये मंग काकूनं दिला मंग समद्याइनं दिला. मोठ्याले बक्षिस भेटला माझा नाही भेटला. मला सन आवडते.’

बाहेरच्या वाचकांसाठी दोन शब्द. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, आमच्याकडे मुलं लाकडी नंदी सजवून दारोदार नेतात. तो तान्हा पोळा. घरोघरी मिळणारी ओवाळणी म्हणजे बोजारा.

मी पहिल्या झटक्यात ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’ इथून सुरुवात केली. बैलाचे उपकार आले, आनंदाला उधाण आलं. मुलानं मोठ्यानं वाचायला घेतलं, ‘कृषिप्रधान’वर दोनदा अडखळला, शेवटपर्यंत गेला आणि विचारलं, ‘काका, माह्या नंदीचा सिंग कोटी गेला?’ शिंग मी गाळलं होतं. तुटलेलं शिंग सणाच्या निबंधात शोभत नाही, असं मला वाटलं असणार.

मग पुन्हा मूळ वहीकडे गेलो. पहिला प्रश्न हा, की यातली चूक कोणती आणि बोली कोणती? कसोटी सोपी आहे. चूक इकडेतिकडे होते, बोली नियमानं चालते. ‘नदीचा’ हा अनुस्वार राहून गेला; आधीच्याच वाक्यात ‘नंदी’ बरोबर आहे. ती चूक. पण ‘पोरा’, ‘जवर’ इथे प्रत्येक ठिकाणी ळचा र झाला आहे, आणि ‘सन’ दोन्ही वेळा ‘सन’च आहे. झाडीबोलीत ण आणि ळ नाहीत, हे साकोलीकडच्याच डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी तिच्या अभ्यासात मांडून ठेवलं आहे. मुलानं कानानं ऐकलेलंच लिहिलं.

मला खरं अडवलं ते ‘दाळात’नं. आजी डाळीत कशी उभी राहील? ‘र नको, ळ लिही’ असं वारंवार ऐकलेलं मूल जिथे र हवा तिथेही ळ टाकून बसतं. ‘दारात’चं ‘दाळात’ झालं ते असं. ही ना बोली ना निष्काळजीपणा, ही दुरुस्तीतून उगवलेली चूक आहे. ती मी काढली. मूल स्वतः बोलताना ‘दारात’च म्हणत होतं.

दुसरं, तुटक जागा. तिथे मी वाक्य रचलं नाही, विचारलं. ‘मोठ्याले म्हणजे कोणाले?’ ‘ज्याचा नंदी मोठा होता त्याले.’ ‘मंग तू का केला?’ ‘घरी आलो. तार वाकली होती. सरकी केली.’ उत्तरं जशीच्या तशी घातली. नवा शब्द माझा एकही नाही. ‘मंग’ही ठेवले, फक्त वाक्यं तोडली, दारामागून दार येतं ते त्या ‘मंग’मुळेच. एकच ‘मंग’ काढला, आजीआधीचा, कारण आजी त्याच्याच घरची, तिच्यापासून तर निघायचं होतं. उलटा मोहही आवरावा लागला: ‘इवलासा नंदी’, ‘छोटुकली शिंगं’ असलं काही घालण्याचा. मोठी माणसं लहान मुलासारखं लिहायला गेली की हेच लिहितात. या मुलानं नंदीला एकदाही लहान म्हटलेलं नाही.

तयार झालं ते असं:

‘माझा आवडता सन तान्हा पोरा आहे. माझ्या जवर लाकडाचा नंदी आहे. नंदीचा एक सिंग तुटला. बाबानं तार लावली. मी त्याले बेगड लावला. मंग आम्ही गेलो. आजी दारात उभी होती. तिनं बोजारा दिला, दहा रुपये. मंग काकूनं दिला. मंग समद्याइनं दिला. ज्याचा नंदी मोठा होता त्याले बक्षिस भेटला. माझा नाही भेटला. घरी आलो. तार वाकली होती. सरकी केली. मला सन आवडते.’

परीक्षेत याला गुण कापले जातील, हे वडिलांना मी स्पष्ट सांगितलं. प्रमाण मराठी त्याला शिकावीच लागेल. पण ते वेगळं काम आहे, या वहीच्या पानावर करायचं नाही. ‘माझा नाही भेटला’ हे वाक्य मीही एकदा खोडून ‘मला नाही भेटला’ केलं होतं. पुन्हा विचारल्यावर कळलं, त्याला ‘माझा बक्षिस’च म्हणायचं होतं; ते आपलंच होतं आणि मिळालं नाही. खोडलेलं परत लिहिलं.

या वेळी त्यानं न अडखळता वाचलं. वर ‘पोळा’ आणि खाली ‘पोरा’ का, असं मी मुद्दाम विचारलं. तो म्हणाला, ‘वरचा फऱ्यावरचा हाय. खालचा माहा हाय.’