शून्य कुठे आहे?

मोबाईलच्या सर्किट बोर्डावर भिंगाखाली पाहिलं तर तिळाएवढे चौकोनी तुकडे ओळीनं बसलेले दिसतात. त्यातला ०६०३ नावाचा रेझिस्टर जेमतेम १.६ मिलिमीटर लांब आणि ०.८ मिलिमीटर रुंद असतो. असे शंभर तुकडे चिमट्यानं बसवताना डोळे भरून येतात आणि हात थरथरू लागतो. म्हणून हौशी मंडळी हे काम करणारं यंत्र घरीच बांधतात. टेबलावर दोन रूळ, त्यांवर आडवा सरकणारा पूल म्हणजे गँट्री, पुलावर वरखाली होणारी पोकळ सुई. हवा ओढून सुई सुटा भाग उचलते, बोर्डावर नेऊन ठेवते. यंत्राचा मेंदू म्हणजे आर्डुइनो उनो हा छोटा बोर्ड आणि त्यावर चालणारी जीआरबीएल ही मोफत, खुली प्रणाली.

माझं यंत्र ४०० बाय ३०० मिलिमीटरचं आहे. सांगाडा उभा करणं सोपं गेलं. माझे महिने गेले ते एकाच प्रश्नात: यंत्राला आपण कुठे आहोत हे कळायचं कसं?

स्टेपर मोटर आंधळी असते. तिला एक विद्युत् ठोका दिला की ती एक पाऊल फिरते, पण खरंच फिरली का हे कुणी तपासत नाही. माझी मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते, ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे १६ भाग करतो, आणि २० दातांची पुली एका फेऱ्यात बेल्ट ४० मिलिमीटर ओढते. म्हणजे ३२०० भागिले ४०, एका मिलिमीटरला ८० ठोके. हिशेब अचूक आहे, पण तो कुठून मोजायला सुरुवात केली यावर सगळं अवलंबून आहे. वीज गेली, कुणी हातानं पूल ढकलला, की शून्य हरवलं. ते पुन्हा शोधून काढण्याच्या क्रियेला होमिंग म्हणतात. रुळाच्या टोकाला एक छोटा मायक्रोस्विच असतो, यंत्र त्याच्यापाशी जाऊन तो दाबतं आणि 'मी इथे आहे' असं ठरवतं.

`$H` ही आज्ञा दिली की जीआरबीएल आधी सुई वर नेतं, मगच पूल हलवतं. हा क्रम फार शहाणपणाचा आहे, नाहीतर खाली असलेली सुई बोर्डावर मांडलेले भाग ओरबाडत नेईल. प्रत्येक अक्ष स्विचला दोनदा शिवतो. पहिल्यांदा वेगात, केवळ स्विच सापडावा म्हणून. दाबला गेला की मोटर तिथल्या तिथे थांबते, आणि त्या झटक्यात एखादं पाऊल चुकलं तरी बिघडत नाही. मग अक्ष थोडा मागे सरतो आणि दुसऱ्यांदा अगदी सावकाश येतो. खरं माप या दुसऱ्या स्पर्शाचं. शेवटी पुन्हा मागे सरून तो स्विचपासून मोकळा उभा राहतो. माझ्या यंत्रात या ठरावांचे आकडे असे आहेत:

```
$1=255
$5=1
$21=1
$22=1
$24=50
$25=800
$27=3
```

`$25` हा शोधण्याचा वेग आणि `$24` हा सावकाश स्पर्शाचा, दोन्ही मिनिटाला मिलिमीटरमध्ये. `$27` म्हणजे किती मागे सरायचं. मूळ आकडा १ मिलिमीटर असतो आणि माझी पहिली अडचण तिथेच आली. लांब पट्टीचा स्विच ज्या जागी दाबला जातो त्याच जागी सुटत नाही, सुटायला पट्टीला आणखी मागे यावं लागतं. यंत्र १ मिलिमीटर मागे आलं तरी स्विच दाबलेलाच राहिला, आणि पडद्यावर `ALARM:8` आला. ३ मिलिमीटर करताच तो गेला. त्यानंतर `ALARM:9` आला, म्हणजे स्विच सापडलाच नाही. स्विच तर शाबूत होता. जीआरबीएल अक्षाच्या नोंदलेल्या लांबीच्या दीडपट अंतरापर्यंतच स्विच शोधतं. माझ्या `$130` मध्ये मूळचे २०० तसेच राहिले होते, म्हणून ४०० मिलिमीटरच्या रुळावर यंत्र ३०० मिलिमीटर जाऊन थांबलं. पूल रुळाच्या मध्येच कुठेतरी थांबला असेल, तर आधी हा आकडा पाहावा.

स्विच कसा जोडायचा यावर मात्र माझं ठाम मत आहे. दाबल्यावर जोडणारा स्विच स्वस्त आणि सोपा वाटतो, पण त्याची तार तुटली तर यंत्राला ते कळत नाही आणि पूल टोकावर जाऊन आदळतो. म्हणून एरवी जोडलेला आणि दाबल्यावर तुटणारा स्विच घ्यावा. मग तार तुटणं आणि स्विच दाबणं दोन्ही सारखंच दिसतं आणि यंत्र थांबतं. त्यासाठीच वर `$5=1` आहे. एकाच अक्षाच्या दोन टोकांना असे दोन स्विच असतील तर ते एकामागोमाग एक, साखळीत जोडावे लागतात. बाजारात मिळणाऱ्या जुन्या सीएनसी शील्डवर आणखी एक खाच आहे: सुईच्या अक्षाच्या स्विचची जागा ११ क्रमांकाच्या पिनवर छापलेली असते, पण जीआरबीएल आता तो स्विच १२ वर वाचतं.

एवढं करूनही यंत्र मध्येच `ALARM:1` देऊन थांबायचं. कधी दहा मिनिटांनी, कधी तासानं. शेवटी लक्षात आलं की हवेचा पंप सुरू झाला की हे घडतं. पडद्यावर `?` पाठवून पाहिलं, तर कुणी हात लावला नसताना उत्तरात `Pn:X` क्षणभर चमकून जायचं. स्विचची तार मी मोटर आणि पंपाच्या तारांबरोबर एकाच जुडग्यात बांधली होती, आणि पंपाचा झटका त्या तारेत उतरत होता. बोर्डाच्या आतला पुल-अप रोध २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे फार दुबळा. बाहेरून १ किलोओहमचा रोध ५ व्होल्टला जोडला, पिन आणि ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला आणि स्विचची तार वेगळ्या वाटेनं नेली. यामुळे स्विचची खबर सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढी उशिरा पोहोचते. मिनिटाला ५० मिलिमीटर या वेगात तेवढ्या वेळात पूल मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकाही सरकत नाही. अचूकतेला धक्का नाही आणि खोटे अलार्म बंद.

`$1=255` ही ओळ बरेच जण विसरतात. मूळ ठरावात हालचाल थांबताच मोटरची वीज काढली जाते, आणि मग रोटर सोयीच्या जागी किंचित सरकतो. २५५ दिला की मोटर पकड सोडत नाही. मोटर थोडी तापते, पण शून्य जागेवर राहतं.

हे सगळं बरोबर झालं का, ते मी सुईच्या जागी बारीक टोकाचं पेन बसवून पाहिलं. `$H` दिलं, कागदावर एका ठरलेल्या जागी जाऊन ठिपका काढला, पुन्हा `$H`, पुन्हा तोच ठिपका, असं वीस वेळा. आधी भिंगाखाली ठिपक्यांचा छोटा पुंजका दिसला, एका दिशेला लांबट. कारण स्विच पत्र्याच्या वाकणाऱ्या पट्टीवर बसवला होता. जाड अॅल्युमिनियमच्या कोनावर बसवल्यावर वीसही ठिपके एकावर एक आले. इतकं जमलं की ०६०३ बसवायला पुरेसं आहे, कारण भट्टीत वितळलेलं सोल्डर थोडा चुकलेला भाग स्वतःच ओढून जागेवर आणतं. याहून बारीक भागांसाठी ओपनपीएनपीसारखी प्रणाली स्विचनंतर कॅमेऱ्यानं टेबलावरची एक खूण पाहून शून्य आणखी नेमकं करते. पण ती खूण कॅमेऱ्याच्या नजरेत येण्याइतकं जवळ न्यायचं काम आधी स्विचच करतो.

एक विनंती. होमिंग चालू असलं की यंत्र सुरू होताना कुलूप लावून बसतं आणि पडद्यावर `$H` किंवा `$X` असे दोन पर्याय देतं. `$X` शून्य न शोधताच कुलूप उघडतं. ते फक्त अडकलेला पूल सोडवण्यापुरतं वापरा आणि लगेच `$H` द्या.