करारातलं एक वाक्य, सोपं करून

पुण्या-मुंबईत भाड्याने घर घेताना जो ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार होतो, त्यात साधारण असं एक कलम असतं:

‘लायसन्सी यांनी प्रथम सहा महिन्यांच्या लॉक-इन कालावधीत सदर मिळकतीचा वापर संपुष्टात आणल्यास उर्वरित लॉक-इन कालावधीची लायसन्स फी देण्यास ते बांधील राहतील, तदनंतर उभयपक्षी एक महिन्याची लेखी पूर्वसूचना देऊन सदर करार संपुष्टात आणता येईल, करार समाप्तीनंतर लायसन्सी यांनी सदर मिळकतीचा रिक्त ताबा, नैसर्गिक झीज वगळता, पूर्वस्थितीत परत द्यावा व त्यानंतर लायसन्सर यांनी थकीत रकमा व नुकसानभरपाई वजा जाता अनामत रक्कम बिनव्याजी परत करावी, ताबा न दिल्यास लायसन्स फीच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई देय राहील.’

पहिल्यांदाच घर घेणारा मुलगा किंवा मुलगी हे वाचते, ‘असंच असतं सगळीकडे’ हे एजंटचं म्हणणं ऐकते आणि मशीनवर अंगठा ठेवते. यातलं वकिली मराठी अवघड आहे हे खरंच. पण मोठी अडचण अशी की घर लवकर सोडणं, नोटीस, ताबा, डिपॉझिट आणि दंड अशा पाच वेगळ्या गोष्टी एकाच वाक्यात कोंबल्या आहेत. त्यामुळे कोणती अट कुठे संपली तेच कळत नाही. सोपं करायचं तर शब्द बदलण्याआधी वाक्य तुकड्यांत तोडावं आणि प्रत्येक तुकड्याला विचारावं: कोणी करायचं, काय करायचं, कधीपर्यंत, आणि नाही केलं तर किती पैसे?

एक उदाहरण घेऊ. लातूरहून पुण्यात पहिल्या नोकरीला आलेली एक मुलगी आहे. भाडं महिना 18,000, डिपॉझिट 60,000, करार अकरा महिन्यांचा, 1 जून ते 30 एप्रिल. लॉक-इन सहा महिन्यांचं, म्हणजे 30 नोव्हेंबरपर्यंत.

पहिला तुकडा तिच्या भाषेत असा होईल: ‘30 नोव्हेंबरच्या आधी तू घर सोडलंस, तर 30 नोव्हेंबरपर्यंतचं भाडं तुला द्यावं लागेल.’ चार महिन्यांनी, सप्टेंबरअखेर, तिची बदली झाली तर ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे मिळून 36,000 डिपॉझिटमधून जातील. हातात येतील 24,000, त्यातून वीजबिल वजा. इथे घाईने सोपं करणारे ‘सहा महिने घर सोडता येणार नाही’ असं लिहून मोकळे होतात. ते चूक आहे. घर सोडता येतं, फक्त त्याची किंमत ठरलेली आहे. वाद कोर्टात गेलाच, तर भारतीय करार कायदा, 1872 मधलं कलम 74 असं सांगतं की करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा; कोर्ट तिच्या आत वाजवी भरपाई देतं. पण डिपॉझिट मालकाच्या हातात असतं, त्यामुळे दोन महिन्यांच्या भाड्यासाठी कोर्टाची पायरी चढायला सहसा कोणी धजावत नाही. तेव्हा किंमत आधीच माहीत असलेली बरी.

एक गोष्ट सोपं करतानाच दिसते: हा तुकडा फक्त भाडेकरूबद्दल बोलतो. मालकाने चौथ्या महिन्यात घर रिकामं करायला सांगितलं तर काय, याचं उत्तर या वाक्यात नाही. लॉक-इन दोघांनाही लागू हवं असेल, तर तसं लिहून घ्यावं लागतं.

दुसऱ्या तुकड्यातला ‘तदनंतर’ सगळ्यात महाग पडू शकतो. मालक म्हणेल, नोटीस लॉक-इन संपल्यावरच द्यायची. म्हणजे 1 डिसेंबरला नोटीस, 31 डिसेंबरला बाहेर. भाडेकरू म्हणेल, घर लॉक-इननंतर सोडायचं आहे; नोटीस 1 नोव्हेंबरला देऊन 30 ला निघते. वाक्यातून दोन्ही अर्थ निघतात आणि दोहोंमधला फरक पूर्ण 18,000 रुपयांचा आहे. इथे सोपं करणाऱ्याने आपल्या मनाने एक अर्थ निवडून लिहू नये. ‘इथे स्पष्ट नाही, मालकाला विचार’ असंच लिहावं. उत्तर मिळालं की मसुद्यात तारखेसकट एक ओळ घालून घ्यावी. ‘लेखी’ म्हणजे काय, व्हॉट्सअ‍ॅप चालेल की ई-मेल हवा, हेही त्याच ओळीत यावं.

तिसरा तुकडा ताब्याचा: ‘घर रिकामं करून, घेतलं तसं परत द्यायचं. रोजच्या वापराने जे झिजतं त्याचे पैसे तुझ्याकडून घ्यायचे नाहीत.’ उन्हाने उडालेला रंग, नळाचा झिजलेला वॉशर, सैल झालेली कडी ही झीज. फुटलेलं बेसिन किंवा ओट्याच्या ग्रॅनाइटचा उडालेला कोपरा हे नुकसान. भिंतीतले खिळे मधोमध पडतात आणि भांडण बहुधा त्यांच्यावरूनच होतं. शिवाय काही करारांत रंगकामाचे पैसे वेगळ्या कलमात लावलेले असतात. तिथे झिजेची सूट उपयोगाला येत नाही. ‘पूर्वस्थिती’ सिद्ध करण्याचा साधा मार्ग म्हणजे चावी घेतली त्याच दिवशी प्रत्येक खोलीचे, नळांचे, गिझरचे फोटो काढून मालकाला पाठवणं. पंखे, ट्यूब, कपाटं यांची यादी कराराला जोडलेली असेल तर ती घरात उभं राहून मोजून घ्यावी.

डिपॉझिटच्या तुकड्यात ‘त्यानंतर’ आहे, पण तारीख नाही. त्यामुळे सोप्या भाषेत तो असाच लिहावा लागतो: ‘डिपॉझिट परत मिळेल, व्याज मिळणार नाही, कधी मिळेल ते लिहिलेलं नाही.’ ‘चावी देताच’ किंवा ‘सात दिवसांत’ आणि ‘कपातीचा हिशेब बिलांसह’ एवढे शब्द मसुद्यात घालून घ्यावेत.

शेवटच्या तुकड्याला कायद्याचा आधार आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 24 नुसार मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्या लायसन्सीला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. आपल्या उदाहरणात महिन्याचे 36,000, म्हणजे दिवसाला 1,200. नवं घर मिळेना म्हणून मेमध्ये दहा दिवस जास्त राहिली, तर 6,000 ऐवजी 12,000. मुदत आपोआप वाढत नाही. मालक तोंडी ‘राहा अजून’ म्हणाला, तर तेवढ्या दिवसांसाठी लेखी होकार घ्यावा आणि राहायचंच असेल तर नवा करार करावा.

या सोप्या मजकुराचं काय करायचं? तो नोंदणीकृत कराराच्या जागी चालत नाही. आपण बोलताना ‘भाडेकरू’ म्हणतो, पण लिव्ह अँड लायसन्समध्ये मिळते ती फक्त वापराची परवानगी, भाडेकरूचे हक्क नव्हे. म्हणून करारातले ‘लायसन्सर-लायसन्सी’ तसेच राहू द्यावेत. सोपा कागद मालकाला मसुद्यासोबत दाखवून ‘मला असं समजलं, बरोबर आहे का?’ एवढं विचारावं, आणि जिथे तो ‘नाही’ म्हणेल तिथे मसुदाच दुरुस्त करून घ्यावा. हे अंगठा देण्याआधी व्हायला हवं. नोंदणीनंतर बदलासाठी दुसरा दस्त करावा लागतो. एजंट मशीन घेऊन घरी येतो तेव्हा पानं उलटायलाही सवड नसते, म्हणून मसुदा दोन-तीन दिवस आधी मागून घ्यावा.

करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी त्याच कायद्याच्या कलम 55 प्रमाणे मालकाची आहे. नोंदणी झालीच नाही, तर अटींबद्दल भाड्याने राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. नोंदणी झाल्यावर मात्र कागदावर जे लिहिलं आहे तेच चालतं, आणि म्हणून नोंदवलेल्या कराराची प्रत त्या मुलीने स्वतःजवळ ठेवायला हवी.