मधला पट्टा का फसवतो?

महाराष्ट्र विधानसभेच्या २०१४ आणि २०१९च्या जागा रचित स्तंभांत मांडून पाहाव्यात. तळाला भाजप (१२२, १०५), त्यावर शिवसेना (६३, ५६), मग राष्ट्रवादी (४१, ५४). राष्ट्रवादीच्या १३ जागा वाढल्या, पण तिच्या पट्ट्याची वरची कड २२६वरून २१५वर उतरते! कारण खालचे पट्टे आक्रसले.

डोळा उंची अचूक जोखतो ती समान पायावरच. मधल्या पट्ट्याला तो पाया मिळत नाही.

शेकडेवारीचे स्तंभ बेरजा वेगळ्या असतील तिथे उपयोगी. इथे दोन्हीकडे २८८च, म्हणून फरक शून्य. खरा उपाय म्हणजे प्रत्येक पक्षाला शून्यापासून सुरू होणारी, एकाच मापाची स्वतंत्र चौकट. मात्र युतीने १४५चा टप्पा गाठला का, हे रचित स्तंभच चटकन सांगतो.