चार दिवसांचा दौरा आणि बॅगेचे वजन

जिममध्ये नियमित जाणाऱ्यांना कंपनीच्या दौऱ्याची धास्ती वाटते ती बहुधा चुकीच्या कारणाने. चार दिवस वजने उचलली नाहीत म्हणून शक्ती ओसरत नाही. पूर्ण विश्रांती घेतली तरी दोन-तीन आठवडे ती बऱ्यापैकी टिकते. प्रश्न निर्माण होतो तो दर महिन्याला दोन-तीन दौरे असणाऱ्यांचा. त्यांच्या बाबतीत हे खाडे साठत जातात आणि वर्षअखेर हिशेब तुटीचा निघतो.

कमावलेले टिकविण्यासाठी कमावताना लागलेल्या श्रमांच्या सुमारे एक तृतीयांश श्रम पुरतात, ही व्यायामशास्त्राने दिलेली दिलासादायक गोष्ट. अट एकच: व्यायामाचे प्रमाण घटले तरी त्याची तीव्रता घटता कामा नये. प्रत्येक सेट ‘आता आणखी फार तर दोन निघतील’ इथपर्यंत न्यावा लागतो. खोलीत केलेले वीस सहज जोर या कसोटीला उतरत नाहीत.

समजा, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतील 75 किलो वजनाचा एक अधिकारी सोमवारी पहाटेच्या विमानाने हैदराबादला निघतो आणि गुरुवारी सायंकाळी परततो. घरी तो आठवड्यात प्रत्येक स्नायूसमूहाचे बारा सेट करतो. म्हणजे दौऱ्यात चार पुरेत. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी प्रत्येकी दोन, एवढेच. पंचवीस मिनिटांत ते आटोपतात. सोमवारी पहाटे तीनला उठलेल्या माणसाने त्या दिवशी व्यायामाच्या फंदात पडू नये. सायंकाळी अर्धा तास चालावे आणि लवकर झोपावे.

हॉटेलच्या खोलीत छाती आणि पाय यांची सोय सहज होते. पाय पलंगावर ठेवून जोर काढले, खाली जाताना तीन सेकंद घेतले, की सरावलेल्या माणसाचीही दमछाक होते. मागचा पाय पलंगाच्या कडेवर टेकवून एका पायाची बैठक काढली तर वजनाची उणीव जाणवत नाही. (चाकांची खुर्ची यासाठी वापरू नये.) खरी अडचण आहे ती पाठीची. आपल्या पारंपरिक जोर-बैठकांतही ओढण्याचा व्यायाम नाही आणि खोलीत लोंबकळण्याजोगे काही नसते.

इथे प्रवासाची बॅगच कामी येते. तिचे वजन विमानतळावर नोंदलेले असते. ते 12 किलो असेल, तर तेवढ्या वजनाचे डंबेल हाताशी आहे. एक हात पलंगावर टेकवून, कमरेतून वाकून, दुसऱ्या हाताने बॅग बाजूच्या मुठीने कमरेकडे ओढावी, वर क्षणभर थांबावे आणि सावकाश खाली न्यावी. त्यासाठी कपडे कपाटात लावण्याची घाई करू नये, किंवा बॅगेत पाण्याच्या बाटल्या भराव्यात. एक लिटर म्हणजे एक किलो. जिममध्ये तीस किलो ओढणाऱ्याला हे वजन हलके वाटेल. पण वीस-पंचवीस वेळा, दमसास संपत येईपर्यंत ओढले, तर स्नायू टिकविण्यास तेही पुरते. जड डेडलिफ्टची जागा मात्र ते घेऊ शकत नाही, आणि तीन आठवड्यांहून लांबच्या दौऱ्यात जिम शोधण्याला पर्याय नाही.

आहारात बिघाड होतो तो प्रथिनांचा, आणि तोही पहिल्याच सकाळी. या अधिकाऱ्याला दिवसाला सुमारे 110 ग्रॅम प्रथिने हवीत. विमानतळावरच्या दोन इडल्या, एक वडा आणि कॉफी यांतून दहासुद्धा मिळत नाहीत. पोट मात्र भरते आणि खिसाही हलका होतो. तीन उकडलेली अंडी घरूनच खाऊन निघावे. त्यांतून 18 ग्रॅम मिळतात. विमानात ती उघडू नयेत, शेजारी दुवा देईल. फुटाण्यांची पुडी सोबत ठेवावी; 50 ग्रॅम फुटाण्यांत 10 ग्रॅम प्रथिने असतात आणि ते चार दिवस खराब होत नाहीत. शाकाहारी माणसाला 100 ग्रॅम पनीर अंड्यांची जागा भरून काढते.

हॉटेलच्या न्याहारीत आधी अंड्यांचा काउंटर आणि दह्याची वाटी, मग डोसा. दुपारी बिर्याणी टाळणे हैदराबादेत असभ्यपणाचे ठरेल. भात निम्मा घ्यावा, कोंबडीचे तुकडे दोन अधिक. रात्रीच्या मेजवानीत तंदुरी पदार्थ आधी येतात, त्यांवरच पोट निम्मे भरावे.

घरी परतल्यावर काटा किलो-दीड किलो जास्त दाखवील. बाहेरच्या जेवणातील मीठ आणि एरवीपेक्षा जास्त झालेला भात-मैदा शरीरात पाणी धरून ठेवतात. ती चरबी नव्हे. त्या रात्री उपास करण्याऐवजी तीन-चार दिवसांनी पुन्हा वजन करावे. खरी परीक्षा जिममध्येच होते. नेहमीचे वजन नेहमीपेक्षा एक-दोनच वेळा कमी उचलले गेले, तर काही गमावलेले नाही. तूट त्याहून मोठी असेल, तर दौऱ्यातल्या झोपेचे तास आधी मोजावेत.