शेवटच्या पंगतीचा फोटो

नाशिकच्या एका केटररच्या छोट्या ऑफिसात आम्ही बसलो आहोत. माझी बहीण, मेहुणे आणि मी. भाचीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर आहे, कार्यालय ठरलंय, जेवण ठरायचंय. इथं आम्हाला बहिणीच्या शेजारीणबाईंनी पाठवलं आहे. त्यांच्या मुलाच्या लग्नात बहिणीला उशिरा पोचूनही गरम मसालेभात मिळाला होता, एवढ्यावरच ती आली आहे.

केटररकाका मोबाईल पुढे करतात. त्यावर त्यांनी टाकलेली एका लग्नाची पोस्ट आहे. मला वाटतं, आता चांदीच्या वर्खाची मिठाई आणि फुलांनी सजवलेला बुफे दिसणार. दिसतं ते साधं ताट: वरण-भात, अळूची भाजी, कोशिंबीर, दोन जिलब्या, वाटीत मठ्ठा. खाली लिहिलंय, "शेवटची पंगत, दुपारी पावणेतीन. ताटाचा दर ४२०, वाढपी आणि वाहतूक धरून."

"पहिल्या पंगतीचं ताट कुणीही सजवतो," काका म्हणतात. "जिलबी संपते, मठ्ठा पातळ होतो, ते शेवटी. म्हणून फोटो तेव्हाचा काढतो."

मेहुणे पिशवीतून दुसरीकडचा कागद काढतात. त्यावर दर '३४० पासून' आहे. काका त्या केटररविषयी एक शब्द वाईट बोलत नाहीत. कोरा कागद घेतात आणि म्हणतात, "तुम्हीच विचारून भरा." मेहुणे तिथूनच फोन लावतात आणि उत्तरं लिहून घेत जातात. वाढपी वेगळे, २० जणांचे १६,००० रुपये. वाहतूक ६,०००. ३४० मध्ये गोड नाही. जिलबी हवी तर ताटामागे ३५. आम्ही धरलेल्या चारशे पानांचा हिशेब होतो: जेवण १,३६,०००, जिलबी १४,०००, वाढपी आणि वाहतूक धरून १,७२,०००. काकांच्या दराने चारशे पानं १,६८,००० होतात. जीएसटी दोघांनाही ५ टक्के, तोही काकांनी आधीच वेगळा दाखवलाय. बहीण कागद उचलून पुन्हा बेरीज करते. बेरीज बरोबर आहे.

मग खरा प्रश्न येतो. काका विचारतात, "पत्रिका किती वाटताय?"

"अडीचशे."

"लग्नाचा वार?"

"बुधवार."

ते थोडं थांबतात. "बुधवारी मुंबई-पुण्याचे सगळे नाही येणार, वहिनी. चारशेची हमी देऊ नका. साडेतीनशे लिहा. वर ३५ पानांची तयारी मी ठेवतो, जेवले तरच पैसे, दर तोच."

हमी म्हणजे माणसं कमी आली तरी तेवढ्या पानांचे पैसे द्यायचेच. पन्नास पानं कमी लिहून काकांनी स्वतःच्या हमीतले २१,००० रुपये समोरच सोडले आहेत. बहिणीचा चेहरा इथं सैल होतो. दराच्या घासाघिशीसाठी ती घरून तयारी करून आली होती. ती घासाघीस होतच नाही.

"आणि पानं मोजायची कशी?" मेहुण्यांना एकदा फसल्याचं आठवतं आहे.

"ताटं मोजून आणतो. तुमचा एक माणूस सकाळी आमच्या मुकादमाबरोबर मोजेल, जेवणं झाल्यावर न वापरलेली पुन्हा मोजेल. वजाबाकी तुमच्या हातात."

फोटोग्राफरचा विषय निघतो तेव्हा काका एक नंबर देतात. मेहुणे सरळ विचारतात, "तुमचं कमिशन किती?" काका म्हणतात, "घेत नाही. घेतलं तर ती ते तुमच्या बिलात लावेल, आणि फोटो बिघडले की तुम्ही मला बोलाल."

फोटोग्राफर याच गल्लीत राहते, तासाभरात येते. तिशीतली मुलगी आहे. तीही निवडक फोटो दाखवत नाही. एकाच लग्नाचं सगळं काम उघडते, सीमांतपूजनापासून पाठवणीपर्यंत. कार्यालय जुनं, वर ट्यूबलाइट, तरी मंगलाष्टकांनंतर अंतरपाट सरकतो त्या क्षणी दोघांचे डोळे स्वच्छ दिसतात. तो क्षण पुन्हा मिळत नाही, म्हणून तिथं ती दोन कॅमेरे लावते. माझ्या मते निवडक दहा फोटोंवरून हे कधीच कळलं नसतं. तिच्या कागदावर अल्बमची पानं, वाढीव पानाचा दर आणि फोटो हातात कधी मिळणार ते लिहिलेलं आहे. ज्यांचं लग्न होतं त्यांना फोन करता येईल का, असं आम्ही विचारल्यावर ती आधी त्यांची परवानगी घेते, मगच जोडून देते.

दोन्ही बुकिंगं आजच होतात. तुमच्या घरी कार्य असेल तर ताटाचा दर नंतर विचारा. आधी शेवटच्या पंगतीचा फोटो, एका लग्नाचं संपूर्ण काम आणि हमीचा आकडा मागा.