नारू गेला, पण संपला का?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं, ‘देवी गेली, नारूही गेला, मग दोन्हींसाठी वेगळे शब्द कशाला?’ प्रश्न अगदी रास्त आहे. घोटाळा आपल्या भाषेतही आहे, कारण सरकारी फलकांवर सगळ्यालाच ‘निर्मूलन’ म्हणतात. आज आपण एका प्रदेशातून रोग जाण्याला निर्मूलन म्हणू आणि जगातून जाण्याला उच्चाटन.

नारूचंच घेऊ. पायविहिरीत उतरून पाणी भरायचं, तेच गाळल्याविना प्यायचं. त्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचे बारीक जीव असतात आणि त्यांच्या पोटात नारूची अळी. माणसाच्या शरीरात तिची जवळपास वर्षभरात हातभर लांब मादी होते, आणि बहुधा पायावर फोड येऊन ती बाहेर पडू लागते. आग होते म्हणून माणूस पाय पाण्यात घालतो, की मादी हजारो अळ्या सोडते. चक्र पूर्ण!

यावर लसही नाही आणि जंत मारणारं औषधही नाही. मग काय केलं? पाणी कापडातून गाळायला लावलं, पायविहिरींना कठडे बांधून पाणी शेंदायची सोय केली, रुग्णाला पाण्यात उतरू दिलं नाही आणि पाण्यात टेमेफॉस टाकलं. यामुळे रुग्ण कमी होतात, पण उपाय थांबवले की पुन्हा वाढतात, तोवर ते नियंत्रण. भारतात शेवटचा रुग्ण 1996 साली राजस्थानात सापडला. पुढची तीन वर्षं एकही नवा रुग्ण नाही, याची खात्री झाल्यावर 2000 साली देश नारूमुक्त जाहीर झाला. हे झालं निर्मूलन. इथे रुग्ण शून्य असले, तरी बाहेरून कुणी जंत घेऊन येऊ शकतो, म्हणून पाळत सोडता येत नाही.

देवीचं उच्चाटन झालं. नैसर्गिक संसर्गाचा शेवटचा रुग्ण 1977 साली सोमालियात आढळला आणि 1980 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने घोषणा केली. त्यानंतर लस टोचणंच बंद झालं. आपल्यातल्या ज्येष्ठांच्या दंडावर तो वण दिसतो, नातवंडांच्या नाही. फरक ओळखायची आमची खूण हीच: उपाय सोडून देता येतो का?

जगात 1986 च्या सुमारास नारूचे अंदाजे 35 लाख रुग्ण होते, 2023 मध्ये फक्त 14. तरी उच्चाटन अडलंय, आणि अडलंय कुत्र्यांपाशी. चाड देशात 2012 पासून कुत्र्यांमध्येही हाच जंत आढळू लागला. देवी फक्त माणसाला व्हायची, त्यामुळे माणसं सांभाळली की पुरे होतं. इथे मात्र माणसांचा आकडा शून्य झाला, तरी तळ्यावर आलेलं एक कुत्रं चक्र पुन्हा सुरू करू शकतं. म्हणून तिथे आता जंत झालेली कुत्री बांधून ठेवतात, माशांची आतडी पुरून टाकतात, आणि जंत झालेलं कुत्रं कळवणाऱ्याला बक्षीस देतात.