करसेवेचा व्यवसाय, भाग 3 : जीएसटी प्रॅक्टिशनरचे प्रमाणपत्र

दुसऱ्याच्या वतीने जीएसटीची विवरणपत्रे भरण्याचा अधिकार केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 48 मधून मिळतो. नोंदणी, परीक्षा आणि कामाची व्याप्ती यांचा तपशील नियम 83 आणि 83अ मध्ये आहे. भारतीय विद्यापीठाची वाणिज्य पदवी या नोंदणीला पुरते. आयकर खात्याच्या 2006 च्या योजनेतील टॅक्स रिटर्न प्रिपेअररचे प्रमाणपत्र ही वेगळी गोष्ट आहे. ते प्रत्यक्ष कराच्या विवरणपत्रांसाठी असून त्याच्या बळावर जीएसटीचे काम करता येत नाही.

अर्ज पीसीटी-01 या नमुन्यात जीएसटी पोर्टलवर होतो. नव्या नोंदणीच्या पानावर करदात्याऐवजी ‘GST Practitioner’ हा पर्याय निवडायचा असतो. पदवीचा पुरावा, छायाचित्र आणि व्यवसायाच्या पत्त्याचा पुरावा जोडावा लागतो. अर्ज योग्य वाटला की अधिकारी पीसीटी-02 हे प्रमाणपत्र देतो. एका राज्यात झालेली नोंदणी इतर राज्यांतही चालते, त्यामुळे सोलापूरच्या प्रॅक्टिशनरला विजापूरच्या व्यापाऱ्याचे काम घेण्यासाठी पुन्हा अर्ज करावा लागत नाही.

पीसीटी-02 हाती आले म्हणजे सगळे संपले, असा नवख्यांचा समज होतो, आणि तोच सर्वांत महागात पडतो. पदवीच्या आधारे नोंदणी झालेल्याने दोन वर्षांच्या आत ‘नासिन’ या केंद्रीय अकादमीची परीक्षा उत्तीर्ण व्हावीच लागते. नाही तर नोंदणी टिकत नाही. समजा, नोंदणी 10 जून 2025 रोजी झाली, तर मुदत जून 2027 मध्ये संपते. या मुदतीत कितीही वेळा बसता येते. मात्र परीक्षा वर्षातून दोनदा घेण्याची नियमात तरतूद असल्याने प्रत्यक्षात चारच्या आसपास संधी मिळतात. परीक्षा संगणकावर होते. अडीच तासांत 100 बहुपर्यायी प्रश्न, 200 गुण आणि उत्तीर्ण होण्यासाठी 100 गुण असे तिचे स्वरूप आहे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. प्रश्न इंग्रजी व हिंदीत असतात, म्हणून मराठीतून शिकलेल्या उमेदवाराने कायद्याच्या संज्ञा त्या भाषांत वाचण्याची सवय आधीच लावून घ्यावी.

प्रमाणपत्र असले तरी प्रत्येक ग्राहकाची संमती स्वतंत्रपणे लागते. ती पीसीटी-05 मध्ये दिली जाते. करदाता आपल्या लॉगिनमधून प्रॅक्टिशनर निवडतो आणि प्रॅक्टिशनर ती विनंती स्वीकारतो. व्यवहारात बरेच जण हा टप्पा टाळून ग्राहकाचा पासवर्डच मागून घेतात, आणि नोंदणीत मोबाइल व ईमेलही स्वतःचा टाकतात. विवरणपत्र तसेही भरले जाते, पण खात्याची नोटीस दुकानदारापर्यंत पोहोचतच नाही. पुढे दोघांचे बिनसले की त्याला स्वतःचे खातेही उघडता येत नाही. नोंदणीवरचा मोबाइल ग्राहकाचाच असावा, यात तडजोड नको.

जबाबदारीची वाटणी एका उदाहरणातून कळेल. एका हार्डवेअर दुकानाच्या महिन्याच्या विक्रीवरचा कर 54,000 रुपये आहे. खरेदीच्या बिलांवरचा कर 46,000 रुपये आहे, पण एका पुरवठादाराने आपले विवरणपत्र न भरल्याने जीएसटीआर-2बी मध्ये 41,000 रुपयेच दिसतात. कलम 16 नुसार त्या महिन्यात तेवढेच क्रेडिट मिळते, म्हणून 13,000 रुपये भरायला हवेत. प्रॅक्टिशनरने बिलांवरून 46,000 घेतले, तर भरणा 8,000 चा होतो आणि 5,000 रुपये कमी पडतात. चूक 90 दिवसांनी सुधारली, तर 18 टक्के दराने सुमारे 222 रुपये व्याज लागते. नोटीस येते दुकानदाराला, कारण विवरणपत्रातील माहितीच्या अचूकतेची जबाबदारी कलम 48 ने करदात्यावरच ठेवली आहे. म्हणून खरेदीवही आणि 2बी यांतला फरक ग्राहकाला लेखी दाखवून त्याचा होकार घेतल्याशिवाय आकडे भरू नयेत.

प्रॅक्टिशनर विवरणपत्रे भरू शकतो, कराचा भरणा करू शकतो आणि परताव्याचा अर्जही करू शकतो. परतावा, नोंदणीतील बदल किंवा रद्द करणे आणि कंपोझिशन योजना यांच्या अर्जांवर मात्र करदात्याने पोर्टलवर दुजोरा दिल्याखेरीज पुढची कार्यवाही होत नाही. दोन लाखांवरील परताव्यासाठी कराचा बोजा दुसऱ्यावर टाकलेला नाही असे प्रमाणपत्र जिथे लागते, तिथे ते सनदी लेखापाल किंवा परिव्यय लेखापालानेच द्यायचे असते. पीसीटी-05 दाखवून अधिकाऱ्यासमोर ग्राहकाची बाजू मांडता येते.

गैरवर्तन आढळल्यास अधिकारी पीसीटी-03 ने कारणे दाखवा नोटीस काढतो, म्हणणे ऐकतो आणि पीसीटी-04 ने अपात्र ठरवू शकतो. त्या आदेशाविरुद्ध 30 दिवसांत आयुक्तांकडे अपील करता येते.